इंधन भरून देण्याआधीचे प्रश्न

प्रति,
परदेशी विमानांना उतरण्याची आणि इंधन भरण्याची परवानगी देणारे परराष्ट्र व नागरी विमान वाहतूक मंत्रालयांतील अधिकारी,
नवी दिल्ली



1991 च्या जानेवारीत आखाती युद्धाच्या कामावरची अमेरिकी लष्करी विमानं मुंबईत इंधन भरून पुढे गेली. चंद्रशेखर सरकारच्या त्या परवानगीवरून गदारोळ झाला आणि फेब्रुवारीत ती बंद पडली. वाद अलिप्ततेचा होता. कायद्याने भारत अडचणीत नव्हता, कारण कुवेत सोडवण्यासाठी बळ वापरायची मुभा सुरक्षा परिषदेने ठराव 678 ने दिली होती. मूळ कृत्यच बेकायदा नसेल, तर ते करणाऱ्याला हातभार लावणंही बेकायदा ठरत नाही. हे पत्र त्या विमानांबद्दल आहे, ज्यांच्यामागे असा ठराव नसेल.

आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या 2001 च्या मसुद्यातलं 16वं कलम अशा वेळी लागू होतं. हा नियम प्रथागत कायद्याचा भाग असल्याचं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोस्निया विरुद्ध सर्बिया खटल्यात 2007 मध्ये म्हटलं. दुसऱ्या राज्याच्या बेकायदा कृत्याला मदत करणारं राज्य स्वतः जबाबदार ठरतं, पण परिस्थितीची जाणीव असेल तरच, आणि तेच कृत्य त्याने स्वतः केलं असतं तरी बेकायदा ठरलं असतं तरच. मदत निर्णायक असावी लागत नाही, पण तिचा वाटा लक्षणीय हवा. आयोगाच्या भाष्यानुसार कृत्य सुकर करण्याचा हेतूही लागतो. ही जबाबदारी आपल्या मदतीपुरती असते, मूळ कृत्याची सगळी भरपाई मदतनिसाच्या माथी आपोआप येत नाही.

खरी गाठ जाणिवेपाशी आहे. ब्रिटनच्या ताब्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ आहे. त्या बेटावरून कोणालाही न्यायालयीन प्रक्रियेविना परदेशी चौकशीसाठी नेलेलं नाही, असं ब्रिटिश मंत्री अमेरिकेच्या शब्दावर संसदेला सांगत आले होते. फेब्रुवारी 2008 मध्ये परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना दिलगिरी व्यक्त करून ते दुरुस्त करावं लागलं. 2002 मध्ये अशी दोन विमानं तिथे इंधनासाठी थांबली होती आणि प्रत्येकात एक कैदी होता. आपल्याला माहीत नव्हतं, हे ब्रिटनचं म्हणणं धरून चाललं तर 16व्या कलमाखाली त्याला 2002 साठी दोषी ठरवणं कठीण आहे. पण 2008 नंतर अशाच विमानाला पुन्हा आंधळेपणाने इंधन दिलं, तर तोच बचाव फार तोकडा पडेल.

मॅसिडोनियाकडे तर हा बचावही नव्हता. खालिद अल-मसरी या जर्मन नागरिकाला तिथल्या अधिकाऱ्यांनी स्कोप्येच्या एका हॉटेलात 23 दिवस डांबलं आणि जानेवारी 2004 मध्ये विमानतळावर सीआयएच्या हवाली केलं. तिथे मॅसिडोनियाच्या अधिकाऱ्यांदेखत त्याला मारहाण झाली, कपडे उतरवले गेले, डोक्यावर बुरखा घातला गेला. पुढे त्याला काबूलला नेलं. माणूस चुकीचा होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2012 मध्ये मॅसिडोनियाला 60,000 युरो द्यायला लावले. अमेरिका खटल्यात पक्षकार नव्हती, तरी मॅसिडोनियाची सुटका झाली नाही. हा निकाल युरोपीय करारावर उभा होता आणि त्याची कसोटी कडक आहे: धोका माहीत होता, किंवा माहीत असायला हवा होता. भारताला तो करार लागू नाही.

म्हणून आपण निर्धास्त आहोत असं नाही. छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. तरी नागरी व राजकीय हक्कांच्या ज्या करारात आपण 1979 पासून आहोत, त्याचं 7वं कलम छळाला मनाई करतं, आणि प्रथागत कायदाही करतो. म्हणजे 16व्या कलमाची दुसरी अट आपल्याबाबतीत पूर्ण झालेलीच आहे. उरते ती जाणीव, आणि ती आपल्या टेबलावरच्या फायलीत तयार होते.

यासाठी तीन मागण्या आहेत. परवानगीच्या अर्जात प्रवाशांमध्ये कोणी ताब्यातली व्यक्ती आहे का आणि तिला कोणत्या न्यायालयाच्या आदेशाने नेलं जात आहे, हे लेखी विचारा. विमान खासगी म्हणून येत असेल आणि उत्तर संशयास्पद वाटलं, तर ते उतरल्यावर झडती घ्या, हा हक्क शिकागो करार देतो. लष्करी विमानाची झडती आपल्याला घेता येत नाही. पण ते आपल्या परवानगीशिवाय येऊच शकत नाही, तेव्हा अटी परवानगीतच घाला. आणि एखाद्या देशाचं आश्वासन एकदा खोटं ठरलं, तर पुढच्या अर्जावर त्याच्या नुसत्या शब्दावर सही करू नका.

प्रश्न विचारला की जाणीव येते आणि जबाबदारीही, म्हणून न विचारणं सोयीचं वाटतं, हे मला ठाऊक आहे. पण संशयाची ठोस कारणं समोर असताना मुद्दाम पाठ फिरवणं हीच जाणीव मानावी, असं म्हणणारे अभ्यासक कमी नाहीत. उद्या न्यायालयापुढे प्रश्नांची कोरी जागा दाखवण्यापेक्षा आज नकाराची नोंद फाइलवर असलेली बरी.

आपला,
आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक अभ्यासक
मुंबई