पॉडकास्ट म्हणजे मोठ्याने वाचलेले गाइड नव्हे

नेमलेल्या कादंबरीवर सहाध्यायांसाठी पॉडकास्टची संहिता लिहा, असे सांगितले की आमचे विद्यार्थी लेखकाचा जन्म, कथानक, पात्रचित्रण आणि समारोप या क्रमाने लिहून आणतात. आरंभी-अखेरीस संगीत असते, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी 'तंत्रस्नेही उपक्रम' म्हणून गुण देऊन मोकळे होतो. हा प्रकार परीक्षेतल्या उत्तराचाच आहे. फरक इतकाच की उत्तर गप्प असते.

यंदा माझ्या भंडाऱ्याच्या वर्गासाठी उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) घेतली होती. वेळ आठ मिनिटे. एका विद्यार्थिनीने १,४५० शब्दांची संहिता आणली. सावकाश वाचले तर मिनिटाला साधारण ११० मराठी शब्द होतात. म्हणजे ही संहिता तेरा मिनिटांची होती. त्यांतले ७०० शब्द, म्हणजे सहा मिनिटांहून अधिक वेळ, केवळ कथानक. ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना ते शिळे, आणि ज्यांनी नाही त्यांना न वाचण्याची सोय. समीक्षेला शेवटी दीड मिनिट उरले होते, आणि त्यात 'वास्तववादी चित्रण' हा शब्द चार वेळा होता.

एक सहकारी म्हणाले, 'अर्ध्या वर्गाने पुस्तक उघडलेलेच नसते, कथानक सांगायला नको?' सांगावे, पण एका मिनिटात. कौतिक ही संसार रेटणारी बाई, महादेव हा तिचा नवरा, शिंपी, भीमा आणि नामा ही मुले, आणि दारिद्र्यात भर घालणारा महादेवचा महारोग. एवढ्यावर श्रोता उभा राहतो. शेवट मात्र सांगू नये. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही, म्हणून प्रत्येक नाव दुसऱ्यांदा येताना नाते जोडून घ्यावे: 'कौतिकचा मुलगा नामा'. कंसातला मजकूर ऐकू येत नाही. तो वाक्यात आणावा किंवा काढून टाकावा.

मग आम्ही संहिता पुन्हा बांधली. पहिले मिनिट एका प्रश्नाला: या कादंबरीतली माणसे वऱ्हाडीत बोलतात, पण निवेदक प्रमाण मराठीत; मग तो त्या घराच्या आत आहे की बाहेर? दुसरे मिनिट वर सांगितलेल्या ओळखीला. दोन ते पाच या तीन मिनिटांत एकच प्रसंग, कौतिक आणि महादेव यांच्यातला: थोडा संवाद, त्याला लागून असलेले निवेदन, आणि मग त्यावर बोलणे. पाच ते सात हा दुसऱ्या आवाजाचा आक्षेप. शेवटचे मिनिट निर्णयाला. शब्द सगळे मिळून ८०० ठेवले, कारण संवाद संथ वाचावा लागतो आणि विरामांनाही वेळ लागतो.

हा प्रश्न कागदावरही मांडता येतो. परंतु आवाजात तो सिद्ध होतो. संवादातला 'डोया' आणि निवेदनातला 'डोळा' एकाच आवाजाने लागोपाठ वाचले की दोन भाषांमधले अंतर कानाला कळते. ध्वनिमाध्यम वापरण्याचे समर्थन असेल तर ते हे. संगीत नव्हे.

इथेच एक धोका आहे. आमच्या विद्यार्थ्यांची घरची बोली झाडी. वऱ्हाडी त्यांची नव्हे. पहिल्या ध्वनिमुद्रणात कौतिकचे बोलणे नकलेच्या सुरात आले आणि वर्ग हसला. कौतिक विनोद करीत नसताना श्रोता हसला, तर वाचन चुकले असे समजावे. दुसऱ्या खेपेला विद्यार्थिनीने नाटकी स्वर टाकून, शब्द जसेच्या तसे ठेवून, आपल्या नेहमीच्या आवाजात वाचले. कोणी हसले नाही.

आक्षेप घेणाऱ्या विद्यार्थ्याचे म्हणणे असे होते की निवेदक बाहेर आहे म्हणूनच तो गहिवरत नाही, आणि कौतिकचा संसार दयेचा विषय होत नाही. विद्यार्थिनीने हे अर्धे मान्य केले. उरलेल्या अर्ध्यासाठी ती पुन्हा पुस्तकाकडे गेली. तिचा निर्णय मला संपूर्ण पटलेला नाही. पण तो तिचा होता, आणि कोणत्याही गाइडात सापडला नसता.

तेव्हा सहकाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: गुण देताना संहितेतले कथानकाचे शब्द मोजा. आठांतली दोन मिनिटे त्यातच गेली असतील, तर ती संहिता परत करा, संगीत कितीही गोड असो.