कॉफीचा ग्लास आणि दातांची मुळे

"सिस्टर, कॉफीने दात खराब होतात का हो?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो, की एकदा लिहूनच टाकावे म्हटले. माझे मत सुरुवातीलाच सांगते. तुमची कॉफी मी बंद करणार नाही. माझी तक्रार आहे ती तोच ग्लास दोन-दोन तास हातात धरून बसण्याची, आणि त्यातल्या साखरेची.

आपल्या दातावर जे पांढरे, टणक कवच असते त्याला एनॅमल म्हणतात. आंबट पदार्थाने ते हळूहळू विरघळते. आंबटपणा पीएचच्या आकड्याने मोजतात. साधे पाणी ७, आणि आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट. ५.५ च्या खाली गेले की एनॅमलमधला चुना सुटू लागतो. काळी कॉफी ५ च्या आसपास असते, म्हणजे जेमतेम रेषेखाली. लिंबाचा रस २ च्या जवळपास आणि कोला अडीचच्या आसपास. त्यामुळे बिनसाखरेची कॉफी पिऊन उठलात तर लाळ तेवढा आंबटपणा लवकर धुऊन टाकते. दूध घातले तर तो आणखी कमी होतो. दात तपकिरी दिसतात तो डाग आहे, कीड नव्हे. दातांच्या दवाखान्यात साफ केल्यावर निघतो.

पण हे झाले तरुण माणसाच्या दाताचे. आपल्या वयात हिरड्या खाली सरकतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर एनॅमल नसतेच. ते मऊ असते आणि पीएच साडेसहाच्या आसपास आला तरी झिजू लागते. म्हणून आपल्याकडे कीड बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला लागते, आणि दुखायला लागेपर्यंत कळत नाही.

आता साखर. दातावरच्या चिकट थरात जंतू असतात. साखर मिळाली की ते पाच-दहा मिनिटांत तिचे आम्ल करतात. मग लाळ त्याला सावरते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. त्या अवधीत तुम्ही पुन्हा घोट घेतला की घड्याळ पहिल्यापासून सुरू. चमचा दोनचा एक केला तरी घोट तितकेच राहिले तर फारसा फरक पडत नाही.

आमच्या इमारतीतले एक भाऊ आहेत, वय ७९. मुलेबाळे दुसऱ्या गावी, त्यामुळे कॉफीचा ग्लास हीच सोबत. सकाळी सात ते नऊ पहिला, दहा ते बारा दुसरा, संध्याकाळी चार ते सहा तिसरा. प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि निवली की पुन्हा गरम करायची. मी हिशेब मांडून दाखवला. सहा तास घोट घेण्याचे, आणि प्रत्येक ग्लासानंतर तोंड सावरायला साधारण पाऊण तास. म्हणजे दिवसातले आठ तास दात आम्लात. हेच तीन ग्लास पंधरा-पंधरा मिनिटांत संपवले असते तर तीन तासांत भागले असते.

त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ते लघवीच्या त्रासासाठी आणि रक्तदाबासाठी गोळ्या घेतात, आणि अशा काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. लाळ कमी म्हणजे सावरायला वेळ जास्त. तोंड कोरडे आहे हे कसे ओळखावे? पाण्याशिवाय सुका पाव गिळता येत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटते. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि कोरडेपणावर उपाय म्हणून गोड गोळ्या चघळू नका. भाऊ तेही करत होते! चघळायचेच असेल तर बिनसाखरेचे घ्या, नाहीतर साधे पाणी जवळ ठेवा.

दंतवैद्यांनी पाहिले तर खालच्या पुढच्या दोन दातांच्या मुळाशी पिवळट-तपकिरी, मऊ जागा होत्या. डाग टणक आणि गुळगुळीत असतो, कीड मऊ असते. तिथे दोरा अडकून त्याचे धागे सुटतात, थंड-गोड झोंबते. ते दोन दात भरले. मागची एक दाढ मात्र काढावी लागली. त्यांना जास्त फ्लोराइडची, चिठ्ठीवर मिळणारी पेस्टही दिली. ती प्रत्येकाने आपल्या मनाने आणायची नाही.

मग ब्रश कधी करायचा? माझे उत्तर स्पष्ट आहे, कॉफीच्या आधी. आपल्या आया तोंड धुतल्याशिवाय कपाला हात लावू देत नव्हत्या, त्यांच्या शिस्तीत तथ्य होते. आधी घासले की जंतूंचा थर निघून जातो, मग साखर आली तरी आम्ल कमी होते, आणि पेस्टचे फ्लोराइड दातावर राहते. ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा १४५० च्या आसपास आहे ना, ते बघून घ्या. २०१४ साली इस्रायलमध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालणे बंद झाले, त्यामुळे पेस्टवरच आपली भिस्त आहे. घासून झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका. कॉफीची चव बिघडते अशी तक्रार येते. दहा-पंधरा मिनिटे थांबा, तोवर पाणी उकळते.

काहीजणांना खाल्ल्यावरच घासायची सवय असते. त्यांनी घोटानंतर लगेच ब्रश घेऊ नये. आम्लाने पृष्ठभाग थोडा मऊ झालेला असतो, त्यावर ब्रश घासला की झीज होते. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-एक तास जाऊ द्या. लिंबू पिळलेला चहा घेणाऱ्यांनी हे जास्त पाळावे. ब्रश मऊ केसांचा असावा आणि करवतीसारखा आडवा ओढू नये. हिरडीपाशी दाताला खाच पडते ती अशानेच. आपल्यातल्या जुन्या बायका राखुंडी आणि मिसरी लावत, त्यांच्या दातांना मी अशा खाचा पाहिल्या आहेत. मिसरी तर तंबाखूच, तिच्याबद्दल वेगळे लिहीन.

भाऊ आता कॉफी टेबलाशी बसून, खारीच्या तुकड्याबरोबर पंधरा मिनिटांत संपवतात. बिनसाखरेची प्यायला ते तयार नव्हते, म्हणून कृत्रिम गोडीची टिकली टाकतात; जंतूंना तिचे आम्ल करता येत नाही. सोबतीसाठी हातात ग्लास लागतोच, तर त्यात पाणी असते. शब्बाथला गरम पाण्याचे भांडे दिवसभर चालू असते, त्या दिवशी मोह होतो म्हणतात. रात्रीचा ब्रश झाल्यावर मात्र पाण्याशिवाय काहीही नाही, अगदी दूधही नाही, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि तोंडात राहिलेले रात्रभर तिथेच राहते.