बाळाची मालीश आणि मोहरीचे तेल

गेल्या पौषात आमची कन्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळ बारा दिवसांचे झाले, तेव्हा जोधपूरहून विहीणबाईंनी मोठ्या मायेने एक बाटली पाठविली. कच्च्या घाणीचे सरसोंचे तेल, त्यात ओवा व मेथी परतून शेवटी भीमसेनी कापूर विरघळविलेला. आपल्यापैकी ज्यांची मुळे मारवाडात आहेत, त्यांना हा वास परिचित असेल. थंडीत बाळाला ऊब मिळावी, हा त्यामागचा हेतू.

मालीश करणाऱ्या बाईंनी तीन दिवस ते तेल चोळले. चौथ्या दिवशी बाळाच्या पोटावर, मानेच्या वळ्यांत आणि गुडघ्यांच्या मागे लाल पुरळ दिसले. मालीश झाल्यावर अंग अधिकच तांबूस होई आणि बाळ किंचाळून रडे. ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, दोन दिवसांत जाईल,’ असे बाई म्हणाल्या.

बालरोगतज्ज्ञांनी पुरळाकडे पाहण्याआधी ते केव्हा वाढते, असे विचारले. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत अनेक बाळांना निरुपद्रवी लाल चट्टे येतात. ते आज येथे, उद्या तेथे उमटतात आणि आपोआप मावळतात. तेलाने होणारा दाह मात्र जेथे तेल लागते तेथेच दिसतो, वळ्यांत तेल साचते म्हणून तेथे अधिक दिसतो, प्रत्येक मालिशीनंतर भडकतो आणि पुढे त्वचा कोरडी पडून तिचे पापुद्रे निघतात. आमच्या बाळाची लक्षणे दुसऱ्या प्रकारात तंतोतंत बसत होती.

मोहरीचा दाणा चिरडला जाऊन त्याला ओलावा लागला की त्यात एक झणझणीत द्रव्य तयार होते. रसायनशास्त्रात त्याला अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट म्हणतात. नाकाला झोंबते ते हेच, आणि त्वचेवर ‘ऊब’ म्हणून जाणवते तेही हेच. आपण जिला ऊब समजतो, ती त्वचेची चिडचिड असते. मोठ्या माणसाची राकट कातडी ती सोसते. नवजात बाळाच्या त्वचेचा बाहेरचा थर पातळ असून अजून पक्का झालेला नसतो. ओलावा आत धरून ठेवणे आणि जंतू बाहेर रोखणे हे त्याच थराचे काम. उंदरांवरील एका प्रयोगात मोहरीच्या तेलाने हा थर सावरण्यास विलंब झाला, तर सूर्यफुलाच्या तेलाने तो लवकर सावरला.

कापराची गोष्ट अधिक गंभीर आहे. तो त्वचेतून रक्तात शिरतो आणि लहान बाळांना त्यामुळे झटके आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. हिशेबाची सवय सुटत नाही म्हणून सांगतो: तीन किलोच्या बाळाला वजनाच्या मानाने आपल्या सुमारे अडीचपट त्वचा असते. म्हणजे त्याच प्रमाणात लावलेले द्रव्य त्याच्या अंगात कितीतरी जास्त भिनू शकते. निलगिरी, पुदिन्याचे सत्त्व किंवा तीव्र सुगंध घातलेली बाजारी तेलेही याच कारणाने दूर ठेवावीत. काही घरांत तेलात लसूण परततात. आपल्यापैकी अनेकांच्या ताटात तो चालत नाही, बाळाच्या अंगावर मात्र चालतो, ही मौजच. पण लसणानेही कोवळी त्वचा पोळते.

डॉक्टरांनी चार दिवस मालीश पूर्ण थांबविली. पुरळ मावळल्यावर साधे, सुगंधविरहित खोबरेल सुचविले. प्रथम बाळाच्या पोटरीवर दोन थेंब लावून चोवीस तास पाहिले. लाली आली नाही, तेव्हा अंगाला लावले. एका वेळेस चहाचा एक चमचा तेल पुरते. थंडीत खोबरेल गोठते, त्यात बिघाड काही नाही. वाटी गरम पाण्यात ठेवली की पुरे. तेल थेट विस्तवावर तापवू नये. खोबरेल न मिळाल्यास सुगंध नसलेले सूर्यफुलाचे तेल चालते. खवट वास आलेले कोणतेही तेल मात्र नको. ऑलिव्हचे तेल महाग म्हणून उत्तम असे नव्हे. त्यातील ओलिक आम्लाचे मोठे प्रमाण त्वचेच्या त्या थराला सैल करते. नाकात-कानात तेल घालू नये, कारण नाकातले तेल फुप्फुसांत उतरू शकते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा त्वचा फुटलेली असेल, तर कोणतेही तेल डॉक्टरांना विचारूनच.

तेल जागेवर आले, तरी विहीणबाईंना काय सांगायचे हा प्रश्न उरला होता. आमच्या सौभाग्यवतींनी फोन केला, बाळाला पुरळ आल्याचे सरळ सांगितले आणि तेलातील ओव्याच्या प्रमाणाची चौकशी केली. तिकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘बहू के पैरों में लगा दीजिए, खडे खडे दुखते होंगे.’ कन्येने ते रात्री पायांना लावले, हात साबणाने धुतले आणि बाटली बाळाच्या खोलीबाहेर उंच फळीवर ठेवली.