आधी यादी, मग सोडत

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत कधी पाहिली आहे? तहसील पातळीवर सभागृहात गावोगावची माणसं बसलेली असतात, समोर टेबलावर बरणी असते आणि चिठ्ठी काढायला एखाद्या लहान मुलाला किंवा मुलीला बोलावतात. निकाल कुणाला आवडतो, कुणाला नाही, पण चिठ्ठी कशी निघाली यावर सहसा वाद होत नाही. कारण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघते.

आता दिवाळीतला आपला गिव्हअवे आठवा. ‘फॉलो करा, लाइक करा, तीन मित्रांना टॅग करा, लकी विनर दिवाळीला!’ शेकडो कॉमेंट येतात. मग एके रात्री स्टोरीवर कुणाचं तरी नाव झळकतं आणि सोबत फिरत्या चक्राचा आठ सेकंदांचा व्हिडिओ. खाली पहिली कॉमेंट ठरलेली: ‘हा तर अ‍ॅडमिनचाच मित्र!’ नारायणगावसारख्या गावात ती कॉमेंट बहुतेक वेळा खरीही असते, कारण इथे प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा मित्र, भाचा नाहीतर वर्गमित्र असतोच. प्रश्न मैत्रीचा नाही. तो व्हिडिओ पहिल्या फेरीचा होता की दहाव्या, हे बघणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही, हा प्रश्न आहे. मोबाइलवरच्या सोडतीला सभागृह नसतं. ते नियमांनी उभं करावं लागतं आणि नियम पोस्ट टाकण्याआधी लिहावे लागतात.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, नारायणगावच्या पाच-सहा कॉलेज मित्रमैत्रिणींचं ट्रेकिंगचं पेज आहे. शिवनेरी, हडसर, चावंडचे फोटो टाकतात. दिवाळीत स्वतःच्या खिशातून वर्गणी काढून ते 1,800 रुपयांची एक रकसॅक बक्षीस देणार आहेत. दिवस धरू 2025च्या दिवाळीचे.

पहिला नियम पात्रतेचा. त्यांनी आधी लिहिलं, ‘फक्त जुन्नर-आंबेगावकरांसाठी.’ पण मंचरचं घर असलेली आणि पुण्यात होस्टेलवर राहणारी मुलगी यात बसते का? आधार कार्ड मागणार का? लोकांची कागदपत्रं गोळा करत बसण्यापेक्षा वाक्य फिरवलं की प्रश्न सुटतो: ‘बक्षीस नारायणगाव एसटी स्टँडवर हातोहात मिळेल, कुरिअर करणार नाही. जो येऊ शकतो तो पात्र.’ वयाचंही तसंच. अकरावी-बारावीतली बरीच मुलं अठराच्या आतली असतात. त्यांना घ्यायचं नसेल तर आधीच सांगा. घ्यायचं असेल तर ‘बक्षीस घ्यायला पालक सोबत हवेत’ एवढी ओळ पुरते. वगळायचं कुणाला, हेही मोजक्या शब्दांत लिहा: ज्यांच्याकडे पेजचा पासवर्ड आहे ते आणि त्यांच्या घरचे. ‘आमचे मित्र वगळून’ असं लिहाल तर अर्धं गाव बाद होईल.

अट अशीच घाला, जी तुम्ही स्वतः तपासू शकता. ‘स्टोरीला शेअर करा’ ही अट दिसायला सोपी, पण स्टोरी 24 तासांत जाते आणि प्रायव्हेट अकाउंटची स्टोरी तुम्ही त्याला फॉलो करत नसाल तर दिसतच नाही. म्हणजे अट पाळूनही ती व्यक्ती बाद. ‘मित्रांना टॅग करा’ ही अट तर फेसबुकच्या प्रमोशनविषयक नियमांत बसतच नाही. टाइमलाइनवर शेअर करायला लावणंही नाही. इन्स्टाग्राम म्हणतं, खोटं टॅगिंग करायला लावू नका, म्हणजे फोटोत नसलेल्याला फोटोत टॅग करायला सांगू नका. या स्पर्धेशी आमचा काही संबंध नाही हे लिहा, अशी अट दोघांचीही आहे. त्यामुळे आपल्या पेजने एकच अट ठेवली: पोस्टखाली एक कॉमेंट, तुमच्या आवडत्या किल्ल्याचं नाव. एका माणसाची एकच नोंद, कॉमेंट दहा केल्या तरी.

दुसरा नियम वेळेचा. ‘दिवाळीपर्यंत’ हा शब्द गोड आहे, पण मुदत म्हणून निरुपयोगी. 2025मध्ये आपल्याकडे लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला झालं, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ते 20लाच उरकलं. ‘रात्री 12 पर्यंत’ यातही घोळ होतो, कारण 12 वाजता तारीख बदलते आणि त्या रात्रीचे 12 की आदल्या रात्रीचे, यावर भांडण सुरू होतं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. तिथे कुणी ‘चैत्रात कधीतरी या’ म्हणत नाही. तारीख ठरवूनच उठतात. तेवढंच इथे करायचं: ‘रविवार, 19 ऑक्टोबर 2025, रात्री 9 वाजता नोंदी बंद.’ आणि 9 वाजता कॉमेंट करण्याची सोय खरोखर बंद करा. मग उशिरा आलेली कॉमेंट धरायची की नाही, हा वादच उरत नाही.

तिसरा नियम निवडीचा आणि खरी गोम इथे आहे. म्हाडाच्या घरांसाठी अर्ज भरलेलं कुणी घरात असेल तर विचारा. तिथे सोडतीआधी पात्र अर्जांची प्रारूप यादी लागते, हरकतींना वेळ मिळतो, मग अंतिम यादी येते आणि त्यानंतरच सोडत निघते. हाच क्रम उचला. सोमवारी संध्याकाळी पेजने सगळ्या नोंदींना क्रमांक देऊन यादी टाकली. फक्त अकाउंटचं नाव, फोन नंबर नाही. क्रम कॉमेंट आल्याच्या वेळेनुसार लावला, कारण इन्स्टाग्राम कॉमेंट नेहमी वेळेच्या क्रमाने दाखवत नाही. लपलेल्या कॉमेंटही उघडून पाहायला हव्यात, तिथल्या गाळणीत कधी कधी चांगल्या नोंदीही अडकतात. बुधवारी रात्री 8 पर्यंत हरकती घेतल्या. एकजण म्हणाला, ‘माझं नाव नाही.’ ते घातलं. दुसरीने दाखवून दिलं की चार अकाउंट एकाच पोराची आहेत. तीन काढली. अंतिम यादी झाली 187 जणांची. इथून पुढे ती बदलायची नाही.

आता या 187 मधून एक कसा निवडायचा? चक्र फिरवाल तर मघाचाच संशय. त्याऐवजी असा आकडा घ्या जो यादी टाकताना कुणालाच माहीत नव्हता, जो नंतर सगळ्यांना दिसेल आणि जो तुमच्या हातात नाही. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटोचा भाव चालेल का? नाही, कारण 20 किलोच्या क्रेटचा भाव एकच नसतो, कमी-जास्त असे अनेक असतात आणि बाजारातल्या माणसाला अंदाजही असतो. सेन्सेक्सचा बंद आकडा चालतो. तो एकच असतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरातही येतो.

नियम असा: ‘गुरुवार, 23 ऑक्टोबरचा सेन्सेक्सचा बंद आकडा, दशांश चिन्ह काढून, 187ने भागायचा. बाकी अधिक एक, तो विजेत्याचा क्रमांक.’ समजा सेन्सेक्स 81,234.56 वर बंद झाला. दशांश चिन्ह काढलं की 81,23,456. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 187ने भागा, 43,440 पूर्ण आणि पुढे काही दशांश येतील. 43,440 गुणिले 187 म्हणजे 81,23,280. वजा केले की बाकी 176. त्यात एक मिळवला की 177. विजेता क्रमांक 177. हा हिशोब ज्याची नोंद आहे तो प्रत्येकजण घरबसल्या करू शकतो. 177 नंबरचा अ‍ॅडमिनचा मित्र निघाला तरी हरकत नाही.

दिवस मात्र जपून निवडा. त्या दिवाळीत 21 ऑक्टोबरला बाजारात फक्त तासाभराचं मुहूर्ताचं ट्रेडिंग होतं आणि 22ला, बलिप्रतिपदेला, बाजार बंद. ‘लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा’ असं लिहिलं असतं तर आकडाच मिळाला नसता आणि ‘मग कुठला धरायचा’ हे नंतर ठरवावं लागलं असतं. निकालाच्या वेळी काही ठरवावं लागणं, म्हणजेच संशयाला जागा. भाऊबीजेला, 23ला, बाजार नेहमीसारखा चालू होता.

या पद्धतीची मर्यादाही माहीत असू द्या. ती आकडा फिरवू देत नाही, पण खोटी अकाउंट ओळखत नाही. ते काम हरकतींच्या दोन दिवसांचंच आहे.

शेवटचा नियम बक्षीस घेण्याचा. 177 नंबरचा मुलगा ट्रेकला गेला असेल, रेंजमध्ये नसेल. तीन दिवसांची मुदत द्या आणि तोवर उत्तर आलं नाही तर 178, मग 179, हे आधीच लिहा. निकाल त्याच पेजवर, त्याच पोस्टच्या मजकुरात जोडा. ‘जिंकलात, कुरिअरचे 199 रुपये पाठवा’ असे मेसेज तुमच्या पेजचं नाव-फोटो उचलून बनवलेल्या खोट्या अकाउंटवरून येऊ शकतात. म्हणून नियमांत ठळक लिहा: ‘आम्ही पैसे किंवा ओटीपी मागत नाही.’ कुणी फसलंच तर 1930 वर लगेच फोन करायचा.

आणि दुकानाच्या पेजसाठी हे करत असाल तर थोडं थांबा. मालाचा खप वाढवण्यासाठी काढलेली सोडत 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथांच्या व्याख्येत येऊ शकते. बक्षीस योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागींपासून दडवणं, हेही त्याच व्याख्येत आहे. खरेदीची अट घालू नका आणि मालकाला आधी वकिलाशी बोलू द्या.

आपल्या ट्रेकवाल्यांचे नियम मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावतात:

1. एका माणसाची एक नोंद: पोस्टखाली कॉमेंट, आवडत्या किल्ल्याचं नाव.
2. बक्षीस नारायणगाव एसटी स्टँडवर मिळेल. अठराच्या आतल्यांनी पालकांना आणावं.
3. पेज चालवणारे आणि त्यांच्या घरचे भाग घेणार नाहीत.
4. नोंदी बंद: 19 ऑक्टोबर, रात्री 9. यादी: 20 ऑक्टोबर. हरकती: 22 ऑक्टोबर, रात्री 8 पर्यंत. अंतिम यादी त्याच रात्री.
5. विजेता: 23 ऑक्टोबरचा सेन्सेक्सचा बंद आकडा, दशांश चिन्ह काढून, भागिले यादीतली नावं. बाकी अधिक एक.
6. तीन दिवसांत उत्तर न आल्यास पुढचा क्रमांक.
7. आम्ही पैसे किंवा ओटीपी मागत नाही. इन्स्टाग्रामचा या स्पर्धेशी संबंध नाही.

यंदा ‘लकी विनर लवकरच’ असं लिहिलेली पोस्ट दिसली, तर टॅग करण्याआधी खाली एवढंच विचारा: यादी कधी लावताय?