सकाळी लवकर निघू नका!

ट्रिप ठरली की ग्रुपवर पहिला मेसेज काय पडतो? ‘सकाळी सहाला निघू.’ आमच्याही पडला होता. येलदरीहून जिंतूर, तिथून मंठा आणि मग लोणार, अशा तीन गाड्या बदलून आम्ही विवराच्या काठावर पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. ऊन डोक्यावर, पोटात कावळे. खाली सरोवरापर्यंत उतरायची कुणाचीच हिंमत झाली नाही. काठावर फोटो काढले, निघालो. थोडक्यात, सकाळ एसटीत गेली आणि बघायला उरली फक्त दुपार.

म्हणून माझं मत उलटं आहे. दुपार प्रवासाला द्या, सकाळ आणि संध्याकाळ बघायला ठेवा. प्लॅन करताना किलोमीटर नाही, उजेडाचे तास मोजा.

समजा, गुरुवारी जेवण करून येलदरी सोडली. संध्याकाळी लोणारच्या काठावर, गोमुखाच्या धारेपाशी. मुक्काम तिथेच. शुक्रवारी उजाडताच विवरात उतरायचं, दोन-तीन तास निवांत फिरायचं, ऊन चढायच्या आत वर. मग जालन्यामार्गे संभाजीनगर. हा चार-पाच तासांचा कंटाळवाणा प्रवास भर दुपारी होतो, तेव्हा गमावण्यासारखं काही नसतंच.

शनिवारी वेरूळ, जेमतेम तीस किलोमीटर. इथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे कैलासच्या दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. सकाळी बाकीची लेणी बघा, कैलास शेवटी ठेवा.

खरी चूक यानंतर होते. बहुतेक जण रात्री संभाजीनगरलाच झोपतात, सकाळी अजिंठ्याला शंभर किलोमीटर जातात आणि तेवढेच परत येतात. कशाला? लॉजवरून बॅगा उचला आणि त्याच संध्याकाळी जळगावच्या गाडीने फर्दापूर गाठा. तिथे एमटीडीसीचं निवास आहे, फक्त बुकिंग आधी करा. रविवारी सकाळी फाट्यावरून लेण्यांपर्यंतच्या चार किलोमीटरच्या बसमध्ये तुम्ही पहिल्या गर्दीच्या आधी बसलेले असाल. अजिंठा झाला की मागे फिरायचं नाही. साठेक किलोमीटर पुढे जळगाव आहे, तिथून रेल्वे.

गुरुवारच का? अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हाच प्लॅन शुक्रवारी सुरू केलात तर अजिंठ्याच्या दारात सोमवारी उभे राहाल.

एक मुक्काम जास्त होतो, खिशाला लागतो, मान्य. आणखी एक अडचण म्हणजे आपल्या भागात संध्याकाळच्या गाड्या कमी होत जातात. मंठ्याहून लोणारची शेवटची गाडी किती वाजता, हे जिंतूरच्या स्टँडवर चौकशी खिडकीत विचारा. ती सुटायची शक्यता असेल तर जेवायची वाट न बघता अकरालाच निघा. पण सहाला नको.