‘८२ टक्के एआय’ आणि मुख्याध्यापिकांना लिहिलेलं पत्र

तुमच्या मुलाने स्वतः लिहिलेल्या विज्ञान प्रकल्पावर शाळेने ‘८२ टक्के एआय’ असा शेरा मारला आणि गुण रोखून धरले, तर मुख्याध्यापकांना काय लिहाल? चेन्नईत अड्यारला राहणाऱ्या एका मराठी आईवर मागच्या महिन्यात ही वेळ आली. मुलगा नववीत आहे. पत्राचा कच्चा मसुदा तिने मला वाचायला पाठवला होता. तिच्या परवानगीने, पण नावं गाळून, त्याबद्दल लिहिते आहे.

पहिल्या मसुद्यात राग भरपूर होता. शिवाय एक स्क्रीनशॉट जोडला होता: तोच रिपोर्ट दुसऱ्या एका वेबसाइटवर टाकला तर ‘४ टक्के एआय’ असं उत्तर आलं होतं! वाटतो ना बिनतोड पुरावा? मी तो काढायला सांगितलं. शाळेचं यंत्र भरवशाचं नाही असं म्हणायचं आणि तसल्याच दुसऱ्या यंत्राचा आकडा पुढे करायचा, हे जमत नाही. मुख्याध्यापिका सहज म्हणतील, “तुमचं खरं आणि आमचं खोटं कशावरून?”

आधी प्रकल्प काय होता ते पाहू. अड्यार समुद्रालगत आहे, त्यामुळे बोअरच्या पाण्यात क्षार हा तिथल्या घराघरातला विषय. या मुलाने टीडीएस मीटर घेतला आणि मेट्रो वॉटर, टँकर, स्वतःच्या इमारतीची बोअर, बेझंटनगरच्या मित्राची बोअर आणि घरच्या आरओचं पाणी अशा पाच नमुन्यांची आठवडाभर मोजणी केली. मेट्रो वॉटर ३४० पीपीएमच्या आसपास, घरची बोअर ११२०, मित्राची १६८०. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत क्षार योग्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. हे सगळं त्याने इंग्रजीत सहा पानांत लिहिलं.

आता डिटेक्टर काय बघतो? मूल खरंच पाण्याचे नमुने घेऊन फिरलं का, हे त्याला कळायला मार्ग नाही. तो फक्त पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजतो. ‘बीकरमध्ये १०० मिलिलीटर...’ म्हटल्यावर पुढे ‘पाणी घेतले’ येणार हे तुम्हालाही कळतं. असे अंदाज सतत बरोबर येत गेले आणि वाक्यांची लांबीही एकसारखी असली, की यंत्राला मजकूर यंत्राचा वाटतो. ढोबळमानाने बहुतेक डिटेक्टरांचं तत्त्व हेच.

आणि प्रयोगवहीची भाषा आपण मुलांना नेमकी अशीच शिकवतो. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. ‘मी’ म्हणायचं नाही, ‘असे आढळून आले’ म्हणायचं. चेन्नईत मुलं ज्याला ‘रेकॉर्ड’ म्हणतात त्या वहीत वर्षानुवर्षं हेच साचे गिरवले जातात. मग नववीतलं मूल साच्यात लिहितं म्हणून त्याला यंत्र ठरवायचं?

घरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि इंग्रजी फक्त शाळेत, ही गोष्टही त्याच्या विरोधात जाते. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेसाठी माणसांनीच लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. इंग्रजी ही त्या लेखकांची मातृभाषा नव्हती. सरासरी ६१ टक्के निबंध ‘एआय’ ठरले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे ‘माणसाचे’ ठरले. नेमके, साधे, ठरावीक शब्द वापरणाऱ्याला इथे शिक्षा होते. मी इंग्रजी लिहूनच पोट भरते, त्यामुळे हे वाचून मला जरा धडकीच भरली होती.

डिटेक्टर तेव्हापासून सुधारले आहेत, आणि काही कंपन्या चुकीचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचा दावा करतात. तरी एक हिशेब करून बघा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला होता. त्यांच्याच चाचणीत तो यंत्राचे १०० पैकी २६ मजकूर पकडायचा आणि माणसाच्या १०० पैकी ९ मजकुरांवर चुकीचा ठपका ठेवायचा. समजा शाळेत ४०० रिपोर्ट आले आणि त्यातले ४० खरोखर एआयने लिहिलेले आहेत. त्यांपैकी साधारण १० पकडले जातील. उरलेल्या ३६० प्रामाणिक मुलांपैकी साधारण ३२ अडकतील. म्हणजे मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ४२ नावं आणि त्यात ३२ निरपराध! त्याच वर्षी जुलैत कंपनीने अचूकता कमी असल्याचं सांगून तो बंद केला.

शिक्षकांचा गोंधळ होतो तो चोरी पकडणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमुळे. तेही टक्केच दाखवतं, पण ते मूळ मजकूर शेजारी ठेवतं. दोन्ही वाचून तुम्ही ठरवू शकता. एआय डिटेक्टरकडे शेजारी ठेवायला काहीच नसतं.

न्यायालयाचा दाखला द्यावा का, असं तिने विचारलं. २०२४ मध्ये ओ. पी. जिंदल ग्लोबल विद्यापीठाने ‘८८ टक्के एआय’ म्हणून नापास केलेला कायद्याचा विद्यार्थी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला होता. पण विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं आणि याचिका तिथेच निकाली निघाली. डिटेक्टर पुरावा ठरतो का, यावर निवाडा झालाच नाही. म्हणून तो दाखला आम्ही घातला नाही.

उलट शाळेच्या बाजूने गेलेलं प्रकरण जास्त शिकवतं. अमेरिकेत हिंगहॅमच्या शाळेवर पालकांनी खटला भरला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शिक्षेत हस्तक्षेप करायला नकार दिला. तिथे शिक्षिका डिटेक्टरवर थांबल्या नव्हत्या. फाइलचा इतिहास पाहिल्यावर कळलं, की इतर मुलांनी सात ते नऊ तास दिले होते आणि या मुलाने जेमतेम ५२ मिनिटं. शिवाय संदर्भात अस्तित्वातच नसलेली पुस्तकं होती. पुरावा असतो तो असा, आणि प्रामाणिक मुलाकडे तोच उलट्या दिशेने असतो.

शेवटी गेलेलं पत्र एका पानाचं होतं. मूळ इंग्रजी, त्याचा गाभा असा:

“माननीय मुख्याध्यापिका महोदया,

माझ्या मुलाच्या रिपोर्टवरील शेऱ्याला माझी हरकत आहे. कृपया पुढील माहिती मिळावी: कोणता डिटेक्टर वापरला, ८२ टक्के म्हणजे शक्यता की तितकी वाक्यं, आणि तक्ते व शीर्षकं वगळली होती का.

सोबत पेन्सिलने लिहिलेली मोजणीची वही, मीटरचे तारीख-वेळ असलेले ३१ फोटो आणि गुगल डॉक्सची ‘व्हर्जन हिस्ट्री’ पाहण्याची परवानगी देत आहे. त्यात नऊ दिवसांची खाडाखोड दिसेल. स्पेलिंग सुधारण्यासाठी त्याने डॉक्समधली लाल रेघ वापरली, हेही नोंदवते.

विज्ञानाच्या बाईंनी त्याला रिपोर्टवर दहा मिनिटं तोंडी प्रश्न विचारावेत, ही विनंती. पहिल्या दिवशी आरओच्या पाण्याचं माप ९६ आणि नंतर रोज ४० का आलं, हे जरूर विचारावं. मीटर प्रत्यक्षात क्षार मोजतो की आणखी काही, हेही विचारावं.

उत्तरं समाधानकारक नसतील तर गुण कापलेले आम्ही मान्य करू. तोपर्यंत शेरा त्याच्या नोंदीत जाऊ नये.”

९६ चं कारण असं, की खाऱ्या बोअरमधून काढलेला मीटर त्याने न धुता आरओच्या पाण्यात बुडवला होता. आणि मीटर मोजतो पाण्याची वीज वाहण्याची क्षमता, क्षारांचा आकडा त्यावरून काढतो. रिपोर्टमध्ये पहिली गोष्ट एका ओळीत आहे, दुसरी नाही. मुलाला दोन्ही ठाऊक आहेत, कारण ९६ चा घोळ निस्तरताना त्याला मीटरचं माहितीपत्रक वाचावं लागलं होतं.

पत्र सोमवारी दिलं. तोंडी परीक्षा येत्या गुरुवारी, तिसऱ्या तासाला आहे.