विश्लेषण : तक्रार तीच, पर्यायांचा क्रम बदलला, मग विभाग का बदलतो?

'गटाराचे काम झाल्यापासून नळाला गढूळ आणि वास येणारे पाणी येत आहे.' अंबरनाथ किंवा बदलापूरमधील एखाद्या रहिवाशाने अशी तक्रार केली, तर ती कुणाकडे जायला हवी? या दोन्ही शहरांत पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे, तर गटारे नगर परिषदेकडे. शेजारच्या उल्हासनगरात पाण्याचे वितरण महापालिकाच पाहते. त्यामुळे वर्गवारी चुकली, तर तक्रार चुकीच्या कार्यालयात जाऊन पडते.

समजा, ही वर्गवारी एआय मॉडेलकडे सोपवली. 'खालीलपैकी एक विभाग निवडा' असे सांगून पाणीपुरवठा, गटार, रस्ते, आरोग्य आणि इतर असे पाच पर्याय दिले. मॉडेलने 'पाणीपुरवठा' हे उत्तर दिले. हीच यादी उलट्या क्रमाने दिल्यावर मात्र उत्तर 'गटार' येऊ शकते. तक्रारीतला एक शब्दही बदललेला नसतो.

असे का होते?

मॉडेल समोरच्या मजकुरानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, याचा अंदाज बांधते. त्या अंदाजात अर्थाबरोबर जागेचाही वाटा असतो. जीपीटी-३ वर २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात सूचनेच्या शेवटी आलेल्या उत्तराकडे मॉडेलचा कल दिसला होता. २०२३ मधील एका अभ्यासात मॉडेल 'ए', 'बी' अशा ठरावीक अक्षरांकडेच झुकतात, असे आढळले. 'रस्त्यावर खड्डा' अशा स्पष्ट तक्रारीत हा कल सहसा दबून जातो. वरच्यासारख्या दोन विभागांच्या सीमेवरील तक्रारीत मात्र तोच निर्णायक ठरू शकतो.

शब्दांचेही तसेच. पर्यायाचे नाव 'गटार' असेल तर तक्रारीतला 'गटार' हा शब्द त्याच्याशी थेट जुळतो. तेथे 'मलनिस्सारण' लिहिले, तर ही ओढ कमी होऊ शकते.

चाचणी कशी करायची?

प्रत्यक्ष आलेल्या २०० तक्रारी घ्याव्यात. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक काढून टाकावेत. विभागाचे काम जाणणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांनी एकमेकांचे न पाहता त्यांची वर्गवारी करावी. जिथे दोघांचेच जुळत नाही, त्या तक्रारी वेगळ्या नोंदवाव्यात, पण चाचणीतून वगळू नयेत.

त्यानंतर क्रम न बदलता सगळ्या तक्रारी मॉडेलला दोनदा द्याव्यात. काही उत्तरे तरीही बदलतात. हा मूळचा डळमळीतपणा आधी मोजला नाही, तर त्याचा दोषही क्रमाच्या माथी जातो.

मग क्रम फिरवावा. पाच पर्यायांचे १२० क्रम होतात, पण सगळे तपासण्याची गरज नाही. पहिला पर्याय प्रत्येक वेळी शेवटी न्यावा. पाच फेऱ्यांत प्रत्येक पर्याय प्रत्येक जागेवर एकदा येतो आणि एकूण १००० उत्तरे मिळतात. मॉडेल जागेकडे पाहत नसेल, तर प्रत्येक जागेच्या वाट्याला सुमारे २०० उत्तरे यायला हवीत. पहिल्या जागेला २६० मिळाली, तर कल उघड झाला. अशा फिरवण्यात शेजारचे पर्याय बहुतेक तेच राहतात, म्हणून एक फेरी पूर्ण उलट्या क्रमाचीही घ्यावी.

शब्दांची चाचणी वेगळी घ्यावी. क्रम तोच ठेवून एकाच पर्यायाचे नाव बदलावे. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

केवळ अचूकता का पुरत नाही?

पहिल्या क्रमात २०० पैकी १६० उत्तरे बरोबर आली आणि उलट्या क्रमातही १६०च आली, असे समजू. कागदावर सगळे ठीक दिसते. पण पहिल्या वेळी चुकलेल्या २० तक्रारी दुसऱ्या वेळी बरोबर आणि आधी बरोबर असलेल्या २० चुकीच्या झाल्या असतील, तर एकूण आकडा हलत नाही. ४० नागरिकांची तक्रार कुठे जाणार, हे मात्र यादीच्या क्रमाने ठरलेले असते. म्हणून अचूकतेच्या आकड्याशेजारी 'किती तक्रारींचे उत्तर बदलले' हा आकडाही मागायला हवा.

उपाय काय?

पाच फेऱ्यांपैकी किमान चारमध्ये आलेले उत्तर ग्राह्य धरावे आणि उरलेल्या तक्रारी कर्मचाऱ्याकडे द्याव्यात. यात प्रत्येक तक्रारीमागे खर्च सुमारे पाचपट होतो. तो परवडत नसेल, तर दोन उलट क्रमांत एकच उत्तर आले तरच स्वीकारावे.

मात्र स्थिर उत्तर म्हणजे बरोबर उत्तर नव्हे. बदलापूरचे पाणी नगर परिषद देते असे मॉडेलने गृहीत धरले, तर ते प्रत्येक क्रमात तीच चूक करील. ती कर्मचाऱ्यांच्या वर्गवारीशी ताडल्यावरच सापडते. मॉडेलची आवृत्ती किंवा विभागांची यादी बदलली, की चाचणी पुन्हा घ्यावी लागते. ती न घेता तक्रारींची वाटणी मॉडेलवर सोपवू नये. नळाला येणारे गढूळ पाणी कुणी तपासायचे, हे यादीत कुठला विभाग आधी लिहिला त्यावर ठरता कामा नये.